भाड्याच्या घरातला जुना मायक्रोवेव्ह: आतून कसा धुवायचा, दार कसं तपासायचं आणि कधी बंद ठेवायचा

मिरामारला समुद्रापासून दोन गल्ल्या आत मी भाड्याने राहायला आले, तेव्हा स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी घरमालकीण काकूंचा २० लिटरचा साधा मायक्रोवेव्ह होता. आठ वर्षांचा, पण चालू. "वापर गो, पडूनच आहे," काकू म्हणाल्या आणि मी वापरू लागले. पुढच्या दीड वर्षात त्याने मला तीन वेळा अडवलं. पहिल्यांदा आतून ठिणग्या उडाल्या, दुसऱ्यांदा दार लोंबलं आणि तिसऱ्यांदा तो बंदच करावा लागला. तिन्ही वेळा काय बघायचं, कुणाला विचारायचं, यात माझे बरेच दिवस गेले. पणजी, पर्वरी, वास्को किंवा वेर्ण्याला नोकरीसाठी येऊन असाच कुणाचा तरी जुना ओव्हन वापरायला घेणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी हाताशी काय ठेवायचं

दोन मऊ सुती फडकी, भांड्यांचा साबण, एक लिंबू, खायचा सोडा, जुना मऊ टूथब्रश, लाकडी चमचा आणि उजेडासाठी मोबाइलचा टॉर्च. तारेचा काथ्या, सुरी, घासायची पावडर आणि ओव्हन साफ करायचा फवारा यांतलं काहीही आत न्यायचं नाही. आतला रंग पातळ असतो. त्यावर एक खोल ओरखडा पडला की आपल्या हवेत तिथे गंज धरायला एक पावसाळा पुरतो.

कागदपत्रांत बिल आणि वॉरंटी कार्ड असेल तर उत्तमच. नसेल तर ओव्हनच्या मागे किंवा दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या लेबलाचा फोटो काढून ठेवा. त्यावर मॉडेल नंबर असतो. दाराचा कुठलाही भाग मागवायचा तर तो नंबर लागतोच. दुसऱ्या मॉडेलची बिजागरी "जवळपास तशीच" दिसली तरी दार नीट बसत नाही.

२. आतून साफ करणं

काचेच्या वाडग्यात दीड-दोन कप पाणी घ्या, त्यात अर्ध्या लिंबाच्या फोडी टाका आणि लाकडी चमचा उभा ठेवा. चमचा विसरू नका. गुळगुळीत भांड्यातलं पाणी कधी कधी उकळीच्या पुढे तापूनही शांत दिसतं आणि भांडं हलवताच एकदम उसळून हातावर येतं. चमच्यामुळे बुडबुडे आधीच सुटायला लागतात. पूर्ण पॉवरवर तीन-चार मिनिटं चालवा, बंद झाल्यावर दार न उघडता आणखी दहा मिनिटं थांबा. खरं काम ही कोंडलेली वाफच करते. नारळाच्या रसाचे वाळलेले शिंतोडे आणि हुमणाची पिवळी झाक तिच्यानेच सुटते.

आता प्लग काढा. वाडगा जपून बाहेर घ्या. काचेची थाळी आणि तिच्याखालची चाकांची रिंग थंड होऊ द्या, मग धुवा. तापलेली थाळी थेट नळाखाली धरली की तडकते. पुसायला छतापासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त तेल तिथेच बसतं आणि तिथे कुणी बघत नाही. उरलेल्या डागांवर सोडा आणि पाण्याचा लेप दहा मिनिटं ठेवून हलक्या हाताने पुसा. फडकं ओलं असावं, पण निथळतं नको. हवा जायच्या भोकांत पाणी गेलं तर ते थेट आतल्या यंत्रात उतरतं.

उजव्या भिंतीवर बहुतेक ओव्हनांत करड्या-तपकिरी रंगाचा, पत्त्यासारखा पातळ तुकडा दिसेल. तो पुठ्ठा समजून काढून टाकू नका. तो अभ्रकाचा असतो. ओव्हनच्या लहरी त्यातून आत येतात आणि अन्नाची वाफ व तेल मागच्या, लहरी तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉनपर्यंत जायचं तो अडवतो. त्यावरून ओलसर फडकं हलकेच फिरवा, घासू नका.

माझ्याकडे पहिल्या वेळी ठिणग्या उडाल्या त्या याच तुकड्यावर. मी तळलेला बांगडा झाकण न ठेवता गरम करायचे, रोज. तेल अभ्रकात मुरलं, तिथे करपलं, आणि करपलेला कोळसा लहरी झेलून पेटायला लागला. कडकड आवाज आणि निळसर ठिणगी दिसली की ओव्हन लगेच बंद करायचा. आत जाळ दिसला तर दार उघडायचं नाही, भिंतीवरचा स्विच बंद करायचा. हवा मिळाली नाही की जाळ आपोआप विझतो.

हा तुकडा मात्र घरी बदलता येतो, कारण त्यासाठी बाहेरचं कव्हर उघडावं लागत नाही. प्लग काढायचा, आतला एक स्क्रू किंवा खाच सोडवायची, जुना तुकडा अभ्रकाच्या नव्या पत्र्यावर ठेवून पेन्सिलीने आखायचा आणि कात्रीने कापायचा, खाचांसकट. दुकानात "मायक्रोवेव्हचा माइका" असं स्पष्ट म्हणा. नुसतं माइका म्हटलं की फर्निचरवर लावायचा पत्रा पुढे येतो आणि तो आत लावला तर पेटेल. मला म्हापशात सुट्या भागांच्या दुकानात तो ऐंशी रुपयांना मिळाला. जुना तुकडा काढल्यावर मागचा पत्रा जळलेला किंवा आतली धातूची टोपी वितळलेली दिसली, तर नवा अभ्रक लावून काही होणार नाही. तिथून पुढचं काम मेकॅनिकचं.

३. दाराची कड साफ करणं

बरेच जण आत चकाचक करतात आणि दाराची कड तशीच सोडतात. मीही तेच करत होते.

फ्रिजच्या दाराला रबर असतं, म्हणून आपण मायक्रोवेव्हलाही रबर शोधतो. बहुतेक घरगुती ओव्हनांत ते नसतंच. इथलं सील म्हणजे दाराची धातूची कड, तिच्यासमोरची चौकट आणि दाराच्या आत चारी बाजूंनी फिरणारी एक खाच. ओव्हनच्या लहरींची लांबी साधारण १२ सेंटीमीटर असते आणि ही खाच तिच्या चौथाईच्या, म्हणजे सुमारे ३ सेंटीमीटरच्या हिशोबाने बनवलेली असते. फटीतून निसटलेली लहर खाचेत शिरते, मागे फिरते आणि बाहेर येणाऱ्या लहरीला उलटी पडून तिला मारते. म्हणूनच दार आणि चौकटीमध्ये केसाएवढी फट असली तरी चालते, पण कड वाकडी झालेली चालत नाही. खाचेवर प्लास्टिकची पट्टी असते. ती आत अन्न जाऊ नये म्हणून.

आता विचार करा, त्या कडेवर तेलाचा आणि मसाल्याचा थर बसला तर दार पूर्ण मिटतच नाही. थर दिवसेंदिवस कडक होतो आणि दार एका बाजूने उचलून धरतो. म्हणून साबणाचा एक थेंब घातलेलं फडकं घट्ट पिळून चौकट चारी बाजूंनी पुसा. खालची कड दोनदा पुसा, कारण सांडलेलं सगळं तिथेच ओघळतं. प्लास्टिकच्या पट्टीच्या कोपऱ्यात टूथब्रश फिरवा. दाराचे हुक ज्या भोकांत शिरतात तिथे मात्र पाणी लावू नका, त्यांच्या मागेच स्विच असतात. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून दार अर्धा तास उघडं ठेवा. जून ते सप्टेंबरमध्ये मी एक तास ठेवते, कारण त्या दिवसांत आपल्याकडे ओट्यावरचं मीठसुद्धा पाणी सोडतं.

दाराच्या काचेमागे जाळी आणि तिच्यावर पारदर्शक फिल्म असते. नव्या फोनवरून काढतो तशी ती सोलून काढू नका, ती दाराचाच भाग आहे.

४. दार आणि बिजागरी तपासणं

प्लग काढूनच हे करा. पाच मिनिटं लागतात.

दार मिटून समोर वाका आणि दार व चौकटीमधली फट वरून खालपर्यंत बघा. ती सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. मग दार अर्धं उघडा आणि मोकळ्या टोकाला धरून हलकेच वर उचला. दार वरखाली खुळखुळलं तर बिजागरी झिजली आहे किंवा तिचे स्क्रू ढिले झाले आहेत. पुढे हुक बघा. दोन्ही हुक अख्खे हवेत, दाबल्यावर स्प्रिंगने परत यायला हवेत, आणि दार मिटताना "टक" असा एकच स्पष्ट आवाज यायला हवा. शेवटी टॉर्चच्या उजेडात चौकट आणि जाळी बघा. रंग फुगला आहे का, गंज आहे का, पत्रा कुठे चेपला आहे का, जाळी फाटली आहे का.

कागदाची युक्तीही करून बघा. कागदाची पट्टी दारात धरून दार मिटायचं आणि पट्टी ओढायची, चारी कोपऱ्यांत. माझ्या ओव्हनचं दार लोंबलं तेव्हा तीन कोपऱ्यांत पट्टी थोडी अडायची आणि हुकाच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात सरळ निसटायची. दार एकसारखं बसत नाही एवढंच यातून कळतं. लहरींची गळती आहे की नाही, ते यातून कळत नाही.

मग प्लग लावून एकच चाचणी करा. आत पेलाभर पाणी ठेवा, एक मिनिटाला लावा, एक हात भिंतीवरच्या स्विचवर ठेवा आणि चालू असतानाच दार उघडा. तापवतानाची घरघर त्याच क्षणी थांबली पाहिजे आणि वेळेचे आकडे थांबले पाहिजेत. काही मॉडेलांत पंखा थोडा वेळ फिरत राहतो आणि दिवा लागलेला राहतो, ते चालतं. घरघर थांबली नाही तर स्विच बंद करा आणि तो ओव्हन पुन्हा लावू नका. दार उघडं ठेवून स्टार्टचं बटण दाबून बघायचा प्रयोग कधीही करू नका.

५. गळतीबद्दल जे सापळे आहेत

पहिला सापळा फोनचा. बंद ओव्हनमध्ये फोन ठेवायचा, त्यावर कॉल करायचा, वाजला तर ओव्हन गळका. माझ्या भावाने हे करून मला दोन दिवस घाबरवून ठेवलं होतं. फोनला अगदी क्षीण सिग्नलही पुरतो आणि तो ओव्हनच्या लहरींपेक्षा वेगळ्या लहरींवरही चालतो. त्यामुळे धडधाकट ओव्हनमध्येही फोन वाजू शकतो आणि बिघडलेल्यात न वाजता राहू शकतो.

दुसरा, गळती मोजायला ऑनलाइन मिळणारे स्वस्त मीटर. त्यांच्या आकड्यावर ओव्हन चांगलाही ठरवू नका आणि वाईटही. कॅलिब्रेट केलेलं मीटर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या तंत्रज्ञाकडे असतं का, ते फोनवरच विचारून घ्या आणि ते घेऊन यायला सांगा. मोजायची पद्धत ठरलेली आहे. आत साधारण २७५ मिलिलिटर पाणी ठेवतात, ओव्हन पूर्ण पॉवरवर चालवतात आणि दाराच्या कडेपासून ५ सेंटीमीटरवर मीटर फिरवतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तिथे दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा जास्त येता कामा नये. अंतर वाढलं की जोर झपाट्याने पडतो. अर्ध्या मीटरवर तो ५ सेंटीमीटरवरच्या जोराच्या साधारण शंभराव्या हिश्श्यावर येतो. या लहरी एक्स-रेसारख्या नसतात, शरीरात साचत नाहीत, अन्नातही राहत नाहीत. त्यांचं नुकसान तापवण्याचं. जोरदार गळती जवळून झाली तर भाजतं, आणि डोळ्यांना जास्त धोका, कारण तिथली उष्णता रक्ताने लवकर वाहून नेली जात नाही. तेव्हा जुना ओव्हन दिसला की घर सोडून पळायची गरज नाही, पण दाराला डोळा लावून अन्न शिजताना बघायची सवय मात्र सोडा.

तिसरा सापळा सर्वांत वाईट, आणि तो माणसांचा आहे. दार लोंबल्यावर मी जवळच्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने दार हलवून बघितलं आणि म्हणाला, "ताई, कडेने सिलिकॉन मारतो, आणि आतला स्विच डायरेक्ट करतो. मग दार कसंही बसलं तरी ओव्हन चालेल." मी त्याला नको म्हणून परत पाठवलं. सिलिकॉन, एम-सील, फोम, चिकटपट्टी, यातलं काहीही लहरी अडवत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी तर ठिणग्या उडवते आणि खाचेचं कामच बिघडवते. स्विच डायरेक्ट करणं तर जीवाशी खेळ. दाराला सहसा तीन स्विच असतात आणि ते एकमेकांवर नजर ठेवतात. दार उघडताना मुख्य स्विच चिकटून राहिला तर तिसरा स्विच मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. हे काढून टाकलं की दार उघडं असतानाही लहरी बाहेर येऊ शकतात. ओव्हन सेकंडहँड घेत असाल तर वर लिहिलेली पाण्याच्या पेल्याची चाचणी विकणाऱ्यासमोरच करा.

६. बिजागरीची दुरुस्ती: काय झालं ते

आठवडाभराने सर्व्हिस सेंटरचा तंत्रज्ञ आला. आधी मीच विचारलं, "मीटर आणलंय ना?" त्याने खालची बिजागरी काढून दाखवली. तिचं भोक झिजून लांबोळं झालं होतं. कारण विचारलं तर त्याने दाराच्या हँडलवर वाळत घातलेल्या टॉवेलकडे बोट दाखवलं. ओला टॉवेल रोज लटकतो, वर गडबडीत दाराला टेकून आपण उभे राहतो, आणि सगळा भार खालच्या बिजागरीवर येतो. नवी बिजागरी बसवली, दार समांतर केलं, मग पाणी ठेवून मोजलं. आकडा मर्यादेच्या खूप खाली होता. तो आकडा आणि तारीख मी बिलावरच लिहून घेतली. तुम्हीही घ्या.

हे काम स्वतः करायच्या भरीस पडू नका. बऱ्याच मॉडेलांत बिजागरीचे स्क्रू बाहेरच्या कव्हरच्या आत असतात, आणि त्या कव्हरच्या आत मोठा कॅपॅसिटर असतो. त्यात हजारो व्होल्टचा भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. याने माणसं दगावली आहेत.

७. कधी थांबायचं

पुढच्या पावसाळ्यात, चवथीच्या आधी घर साफ करताना, चौकटीच्या खालच्या कडेला रंगाचा फुगा दिसला. नखाने टोकरला तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि खालचा पत्रा ओल्या बिस्किटासारखा सुटत होता. आत पोकळीच्या तळाशी एवढासा ठिपका असता तर गंज घासून ओव्हनसाठीचा खास रंग लावता आला असता. पण हा गंज दार जिथे टेकतं तिथे होता. तिथे रंग भरून पत्रा परत सपाट होत नाही आणि ती चौकट ओव्हनच्या सांगाड्याचाच भाग असल्यामुळे बदलताही येत नाही. मी प्लग काढला आणि पुन्हा लावला नाही.

वापर तिथल्या तिथे थांबवायचा तो या खुणा दिसल्यावर:

- दार वाकडं आहे, मिटत नाही, किंवा हाताने दाबून धरल्यावरच ओव्हन चालतो
- बिजागरी तुटली आहे, हुक तुटला आहे, किंवा चालू असताना दार हलवलं की ओव्हन बंद-चालू होतो
- जाळी फाटली किंवा चेपली आहे, आतली काच तडकली आहे, खाचेवरची पट्टी तुटून खाच उघडी पडली आहे
- दार उघडूनही घरघर थांबत नाही, किंवा दार उघडं असतानाच थाळी आपोआप फिरायला लागते
- चौकटीवर पत्रा खाणारा गंज आहे, किंवा आत कुठेही आरपार भोक आहे
- अभ्रक बदलूनही ठिणग्या उडतात
- बाहेरून हात लावला की मुंग्या येतात (हे दाराचं नाही, अर्थिंगचं दुखणं आहे. आधी प्लगचा पॉइंट तपासून घ्या)

यांतल्या बिजागरी, हुक, पट्टी, स्विच या गोष्टी मूळ सुटा भाग मिळाला तर दुरुस्त होतात, आणि नंतर गळती मोजून घेतली की ओव्हन परत वापरता येतो. पूर्ण दार बदलायचं असेल तर आधी किंमत विचारा. साधा २० लिटरचा नवा ओव्हन पाच-सात हजारांत येतो, त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या ओव्हनला नवं दार घालण्यात मला अर्थ वाटत नाही. चौकटीला गंज किंवा पत्र्याला भोक असेल तर दुरुस्तीचा विचारच नको.

८. भाडेकरू असाल तर, आणि ओव्हन टाकताना

ओव्हन घरमालकांचा असेल तर स्वतःच्या मनाने तो फेकू नका आणि दुरुस्तही करू नका. गंजाचा, दाराच्या फटीचा फोटो आणि काय दिसलं ते दोन ओळींत लिहून पाठवा. काकूंना मी फोटो पाठवले तेव्हा त्या आधी म्हणाल्या, "एवढ्याशा गंजाला काय होतंय?" मग संध्याकाळी स्वतः आल्या, नखाने पत्रा टोकरून बघितला आणि म्हणाल्या, "नको गो, काढूनच टाक."

टाकताना तो भंगारवाल्याच्या हातोड्याखाली जाऊ देऊ नका. कॅपॅसिटरचा धोका आहेच, शिवाय काही मॅग्नेट्रॉनच्या चिनीमातीसारख्या भागात बेरिलियम ऑक्साइड असतं. तो भाग फोडल्यावर उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि असं सामान नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रातच जायला हवं. तुमच्या पालिकेत किंवा पंचायतीत ई-कचरा गोळा करायचा दिवस विचारा. नवा ओव्हन घेताना जुना परत घेता का, हेही दुकानदाराला विचारून घ्या. काकूंचा ओव्हन असाच नव्या ओव्हनच्या गाडीतून परत गेला. पाठवण्याआधी मी त्याची वायर प्लगपासून कापली आणि दारावर मार्करने "वापरू नये, चौकट गंजली आहे" असं ठळक लिहिलं, म्हणजे वाटेत कुणी तो उचलून पुन्हा स्वयंपाकघरात लावणार नाही.